नेटवर्क नाही म्हणणारं गिऱ्हाईक: काउंटरवर काय तपासायचं, कोणत्या क्रमानं?

गणेश_देवरुख

नमस्कार मंडळी. देवरुखला एसटी स्टँडजवळ माझं लहानसं मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज, नवीन सिम, कव्हर, ग्लास आणि चार्जिंग बोर्ड किंवा डिस्प्ले बदलण्याइतपत रिपेअरिंग, एवढंच. दुकानात मी आणि मदतीला एक पोरगा.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी तक्रार म्हणजे "नेटवर्क येत नाय". पोरगा फोन हातात आला की लगेच ट्रे काढतो, सिम शर्टाला पुसतो आणि परत घालतो. तेवढ्यानं नाही झालं की नेटवर्क रिसेट. त्यात गिऱ्हाइकाच्या घरच्या वायफायचा पासवर्ड जातो आणि संध्याकाळी तो भांडायला येतो. तरीही नाही आलं तर "सिम बदला", आणि मग "बोर्ड गेला असेल". म्हणजे अंदाजानं चाललंय सगळं.

मला एक कागद लिहून काउंटरच्या मागे चिकटवायचाय. पोरानं तो वरून खाली वाचत जावं आणि मध्येच कुठे थांबायचं तेही त्याला कळावं. माझ्या डोक्यात आत्ता क्रम असा आहे: एअरप्लेन मोड, रिस्टार्ट, सिम काढून घालणं, नेटवर्क रिसेट, सिम बदलणं, मग फोन खोलणं. यात काय मागेपुढे करू? अनुभवी लोकांनी सांगा.

---

टेक_गुरू_नाशिक

रिसेट वर घ्या. निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच संपतात. आणि `*#*#4636#*#*` डायल करून LTE only करून टाका. फोन २जीवर घसरतच नाही, गिऱ्हाईक खूश.

---

सोल्डर_आणि_चहा

गणेशभाऊ, यादी वाईट नाही, पण ती सुरूच फोन हातात घेतल्यावर होते. कोल्हापुरात माझ्या टेबलावर रोज असे फोन येतात. मी फोनला हात लावायच्या आधी तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न, "कधीपासून? आणि त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं?" फोन पडला, पावसात भिजला, कुणी चार्जिंग बोर्ड बदलला, नंबर पोर्ट केला, अपडेट मारला, की फोनच नवा (किंवा जुना बाजारातून) घेतलाय? उत्तर नीट मिळालं तर पुढच्या निम्म्या पायऱ्या गाळता येतात.

दुसरा, "सगळीकडे की घरातच?" आत्ता दुकानात दांड्या दिसतायत आणि माणूस म्हणतोय नेटवर्क नाही, तर तक्रार त्याच्या घराची आहे. पत्र्याखाली किंवा जाड स्लॅबखाली सिग्नल मरतो. त्याला घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करून द्या आणि मोकळं व्हा.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात उपयोगी पडतो. "दोन्ही सिमला नाही की एकालाच?" दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं एकाच दिवशी, एकाच वेळी मेली तर दोन्ही सिमं खराब झाली असं सहसा होत नाही. दोष हँडसेटचा. एकच सिम मेलं आणि दुसरं ठणठणीत असेल तर संशय आधी सिमवर, मग रिचार्जवर आणि मग त्या स्लॉटवर. इथे सिमं एकमेकांच्या जागी घालून बघा. दोष सिमबरोबर हलला तर सिमचा, जागेवरच राहिला तर स्लॉटचा.

एवढं विचारून झाल्यावर स्क्रीन बघायची. `No SIM` दिसतंय का `Emergency calls only`, हे पोराला वाचायला शिकवा. दोन्हीला लोक "नेटवर्क नाही"च म्हणतात, पण रस्ते वेगळे आहेत. `No SIM` म्हणजे फोनला कार्डच दिसत नाही. ट्रे वाकलाय, पिन दबलीय, किंवा कापलेलं सिम ट्रेमध्ये सरकलंय. तिथे टॉवर, सेटिंग, रिसेट यांचा काही संबंध नाही, त्यामुळे रिसेट मारून वेळ घालवू नका.

---

वाडीचे_आबा

आमच्या वाडीत टॉवरच नाही. दुकानदार काय करणार? आणि जो आहे तो पलीकडच्या डोंगरावर, लाइट गेली की तासा-दोन तासांत तोही बंद. तक्रार कुठे करायची ते सांगा कुणीतरी.

---

निवृत्त_टॉवरवाला

आबा, तक्रार आधी तुमच्या कंपनीच्या कस्टमर केअरला करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. त्याचं समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. तेव्हा तो क्रमांक लागतो.

पण आबांच्या बोलण्यातून गणेशच्या कागदाची पहिली ओळ मिळाली. गिऱ्हाइकाच्या फोनकडे बघण्याआधी आपल्या फोनकडे बघायचं. मी बरीच वर्षं कोकणात टॉवरच्या कामावर होतो. पावसात लाइट जाते, साइटची बॅटरी संपते, डिझेल पोचत नाही, किंवा रस्त्याच्या कामात जेसीबी फायबर तोडतो. अशा दिवशी तुमच्या दुकानात एकाच कंपनीची चार-पाच गिऱ्हाइकं तासाभरात येतात. त्यातल्या एकाचाही फोन खोलायची गरज नसते.

म्हणून दुकानात एक जुना पण धडधाकट ४जी फोन ठेवा. त्यात जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांतली तुमच्याकडे चालणारी सिमं आलटूनपालटून घालता आली पाहिजेत, आणि त्यांचं रिचार्ज जिवंत हवं. गिऱ्हाइकाच्याच कंपनीचं तुमचं सिम तुमच्या फोनमध्ये, त्याच काउंटरवर, त्याच क्षणी चालतंय का? नसेल चालत तर त्याला चहा पाजा आणि संध्याकाळी बोलवा.

दुसरी ओळ रिचार्जची. वैधता संपली की दांड्या जात नाहीत, हे लोकांना पटत नाही. टॉवर फोनला ओळखतो, दांड्या भरलेल्या दिसतात, फक्त आउटगोइंग लागत नाही आणि नेट बंद होतं. इनकमिंग पुढे काही दिवसांनी थांबतं, ते कंपनीवर आहे. म्हणजे "दांड्या आहेत पण फोन लागत नाही" म्हटलं की आधी वैधता बघायची.

आणि खूप दिवस ड्रॉवरमध्ये पडलेलं सिम असेल तर विचारा, शेवटचा वापर कधी? प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरलं नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते. खात्यात २० रुपये असतील तर ते कापून ३० दिवस वाढवून देतात. पण बंद झालेल्या नंबरावर रिचार्ज मारून देऊ नका, गिऱ्हाइकाचे पैसे अडकतील.

---

वीणा_ठाणे

मी दुकानदार नाही, पण माझा प्रश्न इथे बसेल असं वाटतंय. आईला बटणांचा साधा फोन घेऊन दिला, कारण टचवर तिला जमत नाही. त्यात तिचंच जिओचं सिम घातलं, जे आधीच्या स्मार्टफोनमध्ये व्यवस्थित चालत होतं. नव्या फोनवर नेटवर्क नाही. गावातल्या दुकानदारानं सिम बदलून दिलं, तरी नाही. परत बदलून दिलं, तरी नाही. आता तो म्हणतो हँडसेट कंपनीला पाठवा. खरंच सदोष पीस असेल का?

---

निवृत्त_टॉवरवाला

वीणाताई, खोक्यावर ४जी लिहिलंय का?

---

वीणा_ठाणे

खोकं आईकडे आहे. विचारते.

---

सोल्डर_आणि_चहा

ताई, न विचारताही सांगतो, खोक्यावर ते नसणार. जिओला २जी नाही, ३जीही नाही. जे आहे ते ४जी आणि ५जी. स्वस्तातले पुष्कळ बटणांचे फोन अजून फक्त २जीचे असतात. त्यात जिओचं सिम कितीही वेळा बदललं तरी चालणार नाही. एअरटेल किंवा व्हीआयचं घातलं तर चालेल, त्यांचं २जी अजून आहे. जिओच ठेवायचं तर ४जीचा बटणांचा फोन घ्या.

गणेशभाऊ, याची उलट बाजूही कागदावर घ्या. जिओभारत फोन जिओलाच बांधलेला असतो. त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम घालून "नेटवर्क नाही" म्हणत येणारे आहेत.

आणि आठ-दहा वर्षांपूर्वीचे ड्युअल सिमवाले स्मार्टफोन. त्यांतल्या बऱ्याच फोनमध्ये एका वेळी एकाच सिमला ४जी मिळायचं, दुसऱ्याला २जी किंवा ३जी. जिओचं सिम चुकीच्या बाजूला असलं की नेटवर्क नाही. सेटिंगमध्ये डेटाचं सिम बदललं की एका मिनिटात येतं.

---

गणेश_देवरुख

हे भारी आहे. आमच्याकडे बीएसएनएलवालेही खूप आहेत. त्यांना ४जी आलं म्हणून आनंद, पण फोनला येत नाही.

---

निवृत्त_टॉवरवाला

बीएसएनएलला दोन गोष्टी बघा. सिम ४जीचं आहे का? जुनं सिम असेल तर बदलून घ्यावं लागतं. आणि हँडसेटला बँड २८ आहे का? बीएसएनएलचं बरंचसं ४जी ७०० मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे बँड २८. बऱ्याच जुन्या स्वस्त हँडसेटमध्ये तो नाही. शेजारच्याच्या फोनवर ४जी आणि याच्यावर २जी, तेही एकाच कंपनीचं, तर मॉडेल नंबर टाकून बँडची यादी बघा. बँड नसेल तर कुठल्याच सेटिंगनं तो येत नाही.

---

टेक_गुरू_नाशिक

म्हणूनच म्हटलं LTE only करा. निदान ४जीला चिकटून राहील.

---

निवृत्त_टॉवरवाला

गुरुजी, त्या मेनूचा मी विरोधक नाही, सिग्नल बघायला मीही वापरतो. पण LTE only केलं आणि त्या हँडसेटचं व्होल्टे चालू नसेल तर नेट मिळतं आणि कॉल मरतात. साध्या कॉलसाठी फोनला २जीवर उतरावं लागतं आणि तुम्ही जिनाच काढून टाकलात. मग ते गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊन सांगतं, "नेट चालतं, फोन लागत नाही."

५जीचा प्रकार त्याहून वाईट. व्हिडिओ बघून पोरं NR only करतात. जिओचं ५जी स्वतंत्र चालतं, त्यामुळे तिथे निभावतं. एअरटेलचं बहुतेक ५जी ४जीच्या आधारावर उभं आहे. NR only केलं की तो आधार जातो आणि फोन थेट `No service` दाखवतो. तेव्हा तपासणीत ही ओळ घालाच: प्रेफर्ड नेटवर्क टाइप मूळ सेटिंगवर, म्हणजे ऑटोवर आहे का.

रिसेटबद्दल तुमचं अर्धं खरं आहे. अपडेटनंतर किंवा नवीन सिम घातल्यावर अडकलेलं नेटवर्क रिसेटनं सुटतं. पण रिसेटनं वायफाय आणि ब्लूटूथची जुनी नोंद जाते, म्हणून आधी विचारूनच करायचं. आणि मुख्य म्हणजे रिसेट करून "चालू झालं" तर दोष कुठे होता ते कळत नाही. परवा परत आलं की परत शून्यापासून.

---

टेक_गुरू_नाशिक

गिऱ्हाइकाला दोष कुठे होता त्याच्याशी काय देणंघेणं? फोन चालू झाला की झालं. बाकी NR वाला मुद्दा मान्य.

---

सोल्डर_आणि_चहा

परत आलं की देणंघेणं होतं, तेही फुकटात.

बरं, आता सगळ्यात महत्त्वाचं. सेटिंग वगैरे बघून झालं, तरी नेटवर्क नाही. इथे दोन अदलाबदली करायच्या आणि दोन्ही करायच्याच. गिऱ्हाइकाचं सिम दुकानाच्या फोनमध्ये, आणि त्याच कंपनीचं दुकानातलं चालू सिम गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये. पुष्कळ दुकानदार एकच करतात आणि फसतात.

त्याचं सिम आपल्या फोनमध्येही मेलेलं आणि आपलं सिम त्याच्या फोनमध्ये चालू, तर सिम किंवा खातं. हँडसेटला हात लावायचा नाही. उलट असेल तर हँडसेट. दोन्हीकडे दोन्ही चालली तर दोष मुळात सिमच्या बसण्यात होता, किंवा तो येऊन-जाऊन आहे. आणि कुठेच काही चाललं नाही तर दोन गोष्टी एकदम बिघडल्यात किंवा आत्ताच टॉवर गेलाय. टॉवरवाले म्हणाले तसं आपला फोन परत बघा.

एक धोक्याची गोष्ट. गिऱ्हाईक म्हणतंय सकाळपर्यंत चालू होतं, अचानक गेलं, आणि सिम आपल्या फोनमध्येही मेलेलं आहे. रिचार्ज आहे, पोर्ट केलेलं नाही. अशा वेळी "सिम खराब, डुप्लिकेट काढू" म्हणायच्या आधी त्याला विचारा, मध्ये कुणाचा फोन आला होता का, ओटीपी किंवा ई-सिमचा मेसेज आला होता का. त्याच्या नंबराचं सिम दुसऱ्या कुणी काढलं असेल तर ह्याचं सिम असंच अचानक मरतं आणि तिकडे बँकेचे ओटीपी त्या भामट्याकडे जातात. तुमच्या दुकानातल्या फोनवरून आधी बँकेला फोन, खातं थांबवा. मग कंपनीला. पैसे गेले असतील तर १९३०. हे सगळं झाल्यावर डुप्लिकेट सिम.

---

गणेश_देवरुख

बाप रे, हे तर डोक्यातच नव्हतं. आमच्याकडे डुप्लिकेट सिम ओळखपत्र घेऊनच निघतं, पण माणसाला आधी बँकेकडे वळवायचं हे पोराला लिहून द्यायलाच हवं.

हँडसेटमध्ये दोष आहे असं ठरल्यावर पुढे काय? बोर्डाचं काम मी करत नाही. पण रत्नागिरीला पाठवायच्या आधी मला किती कळू शकतं?

---

सोल्डर_आणि_चहा

भरपूर कळतं. पहिलं `*#06#`. आयएमईआय दिसतो का, आणि खोक्यावरच्या, बिलावरच्या नंबराशी जुळतो का? रिकामा किंवा शून्यं असतील, किंवा अबाउट फोनमध्ये बेसबँड `Unknown` दिसत असेल, तर फोनचा मोडेमच जागा नाही. ते सॉफ्टवेअरनं गेलेलं असू शकतं किंवा आयसीनं. दोन्ही बोर्डवाल्याचं काम.

नंबर दिसतोय, पण फोन जुना घेतलेला आहे आणि घेतल्यापासून किंवा अचानक कुठलंच सिम चालत नाही? मग दुकानाच्या फोनवरून १४४२२ ला एसएमएस करा, `KYM` लिहून एक जागा सोडून पंधरा अंकी आयएमईआय. मूळ मालकानं चोरीची तक्रार देऊन फोन सीईआयआरवर बंद केला असेल तर ब्लॅकलिस्ट म्हणून उत्तर येतं. त्याला कुठलीच कंपनी नेटवर्क देत नाही. तो फोन "दुरुस्त" करू नका. आयएमईआय बदलून देतो म्हणणारे आहेत, पण २०२३च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. गिऱ्हाइकाला सरळ सांगा, ज्याच्याकडून घेतलास त्याच्याकडे जा.

हे दोन्ही ठीक असेल तर पुढची परीक्षा फुकटातली आणि फार बोलकी. नेटवर्क ऑपरेटर ऑटो काढून हातानं सर्च लावायचं. दोन-तीन मिनिटं लागतात, धीर ठेवायचा.

---

निवृत्त_टॉवरवाला

त्या सर्चचं कारण मी सांगतो, कारण इथेच लोक गोंधळतात. दांड्या म्हणजे टॉवरचा आवाज फोनला किती ऐकू येतो तेवढंच. फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचतो की नाही ते दांड्या सांगत नाहीत. सर्चमध्ये जिओ, एअरटेल, व्हीआय सगळ्यांची नावं आली म्हणजे कान ठीक आहेत. त्यातलं आपलं नाव निवडलं आणि नोंदणी झालीच नाही, आणि सिम चालू असल्याची खात्री आहे, आयएमईआयही स्वच्छ आहे, तर फोनला बोलता येत नाहीये. बहुतेक वेळा पाठवणाऱ्या बाजूचा अॅम्प्लिफायर, ज्याला बोर्डवाले पीए म्हणतात, तो गेलेला असतो.

यादी रिकामी आली, किंवा कसंबसं एखादंच नाव आलं, तर कानच बंद. अँटेना, तिची वायर किंवा मोडेम.

---

सोल्डर_आणि_चहा

बरोबर. आणि यादी रिकामी किंवा सिग्नल अगदी बारीक असेल, तर गणेशभाऊ, हे तुम्ही स्वतः करू शकता. माझ्याकडची एक केस सविस्तर सांगतो.

एक बाई फोन घेऊन आल्या. बाजारात एक दांडी, घरी शून्य. दोन्ही सिमला तेच. सिम एकदा बदलून झालं होतं, एका दुकानात फॅक्टरी रिसेटही मारून झाला होता, त्यात नातवाचे फोटो गेले. मी पहिला प्रश्न विचारला, आधी काय झालं होतं? म्हणाल्या, काही नाही. मग विचारलं, चार्जिंग नीट होतं का? "हो, ते दिवाळीत बोर्ड बदलून घेतलं ना." झालं!

तरी खोलायच्या आधी मोजलं. सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस, तिथे सिग्नल उणे आकड्यात दिसतो. त्यांच्या फोनवर -119. माझ्या टेबलावरच्या फोनमध्ये त्याच कंपनीचं सिम, शेजारी शेजारी ठेवून, -94. दोन्ही ४जीवर. आयएमईआय ठीक, सर्चमध्ये एकच नाव, तेही उशिरा.

मागचं झाकण काढलं. बऱ्याच स्वस्त आणि मधल्या फोनमध्ये मुख्य अँटेना खाली, चार्जिंग बोर्डाच्या बाजूला असते, आणि तिथून वर मदरबोर्डापर्यंत एक बारीक गोल वायर जाते. दोन्ही टोकांना छोटं बटणासारखं कनेक्टर. बोर्ड बदलताना ते काढावंच लागतं. इथे खालचं टोक बसवलेलंच नव्हतं, नुसतं दाबून वर झाकण लावलेलं. प्लास्टिकच्या स्पजरनं नीट दाबलं, "टक" वाजलं. झाकण लावल्यावर -97.

वायर बसवूनही आकडा सुधारला नाही तर वायर आतून तुटलेली असते किंवा लोकल चार्जिंग बोर्डावरची अँटेनाची बाजू नीट नसते. वायर स्वस्त आहे, आधी ती बदलून बघा. मग बोर्ड.

---

निवृत्त_टॉवरवाला

छान केस. फक्त आकड्यांवर एक सावधगिरी. दोन फोन शेजारी असले तरी ते एकाच बँडवर असतील असं नाही, आणि हँडसेटमध्येही थोडाफार फरक असतो. आठ-दहाचा फरक पाहून फोन खोलू नका. वीस-पंचवीसचा फरक सातत्यानं दिसला तरच. ४जीचा अंदाज द्यायचा तर -90 च्या आसपास चांगलं, -105 पर्यंत काम भागतं, -115 च्या खाली कॉल तुटायला लागतात. आणि उणे आकडा आहे, म्हणजे 94 हा 119 पेक्षा चांगला, हे पोराला लिहून द्या, नाहीतर उलट वाचेल.

---

दुबईकर

मी सुट्टीत चिपळूणला येतो तेव्हा भावासाठी फोन आणतो. एकदा अमेरिकेतून आलेला आयफोन त्याला दिला, दुकानदार अर्धा तास सिमचा ट्रे शोधत होता. ट्रेच नाही! आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या मॉडेलला फक्त ई-सिम. हेही लिहा यादीत.

---

सोल्डर_आणि_चहा

आणि बाहेरून आणलेला फोन तिकडच्या कंपनीला लॉक असेल तर `SIM not supported` किंवा अनलॉक पिन मागतो. ते इथे सुटत नाही, ज्या कंपनीचं लॉक आहे तिच्याकडूनच सुटतं. गणेशभाऊ, तुमच्या भागात आखाताचे फोन येत असतील तर "फोन कुठून घेतला?" हा प्रश्न पहिल्या प्रश्नातच मिसळून टाका.

---

वीणा_ठाणे

खोकं बघितलं. ४जी लिहिलेलं नाही, नुसतं ड्युअल सिम लिहिलंय. दोन वेळा सिम बदललं ते फुकटच गेलं म्हणायचं. धन्यवाद सगळ्यांना. एअरटेलचं घेते, पण नंबर तोच ठेवायचाय, पोर्ट करू का?

---

निवृत्त_टॉवरवाला

करा, पण जरा थांबून. सिम बदललं की सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही, २०२४ च्या जुलैपासूनचा नियम आहे. शेवटचं सिम कधी बदललं ते मोजा. तो कोड मागण्याचा एसएमएस त्याच नंबरावरून जावा लागतो, म्हणजे सिम तोपर्यंत जुन्या स्मार्टफोनमध्येच राहू द्या. आणि पोर्टच्या दिवशी काही तास दोन्ही सिमं मेलेली दिसतील, तेव्हा परत दुकानात नेऊ नका.

---

गणेश_देवरुख

मंडळी, कागद असा लिहिलाय. चुकलं तर सांगा.

वरच्या भागात, फोन हातात न घेता: आपल्या फोनवर त्या कंपनीचं नेटवर्क आहे का. कधीपासून, आधी काय झालं, फोन कुठून घेतला. सगळीकडे की घरातच. एक सिम की दोन्ही. वैधता आहे का.

मधल्या भागात, हातात घेऊन पण काही न पुसता: स्क्रीनवर `No SIM` आहे का `Emergency calls only`. एअरप्लेन मोड, ते सिम सेटिंगमध्ये चालू आहे का, नेटवर्क टाइप ऑटो आहे का. रिस्टार्ट. फोन आणि सिमची जोडी मुळात जमते का, म्हणजे २जी फोनमध्ये जिओ, बँड, लॉक. मग दोन्ही अदलाबदली.

खालच्या भागात, फक्त हँडसेटचा दोष ठरला तर: `*#06#`, बेसबँड, जुना फोन असेल तर `KYM`. हातानं सर्च. आकडा शेजारी ठेवून. विचारून नेटवर्क रिसेट. मग अँटेनाची वायर. त्यापुढे रत्नागिरी. फॅक्टरी रिसेट यादीतच ठेवलेला नाही.

लाल पेनानं वेगळं: सिम अचानक मेलं तर आधी बँक.

---

सोल्डर_आणि_चहा

रिसेट अदलाबदलीनंतर ठेवलात, हे उत्तम. नेटवर्क रिसेट सर्चच्या आधी घेतलात तरी चालेल, त्यात जीव अडकवू नका. रिपेअर करून आलेला फोन असेल तर मात्र मी रिसेटवर थांबत नाही, थेट वायर बघतो.

---

टेक_गुरू_नाशिक

फॅक्टरी रिसेट पूर्ण काढू नका हो. अपडेटनंतर मेलेले फोन त्यानं उठलेले मी पाहिलेत.

---

सोल्डर_आणि_चहा

उठतात काही. पण बॅकअप घेऊन, गिऱ्हाइकाची सही घेऊन, आणि तुम्ही स्वतः समोर असताना. पोराच्या कागदावर नको.

---

गणेश_देवरुख

तसंच करतो. आता एक फोन आहे ज्यावर हा कागद चालला नाही. दोन्ही अदलाबदली ठीक, आयएमईआय ठीक, आकडा आपल्या फोनच्या जवळपास. पण मालक म्हणतो रोज संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला नेटवर्क जातं आणि रात्री येतं. दुपारी दुकानात आणतो तेव्हा सगळं चालू.

---

निवृत्त_टॉवरवाला

संध्याकाळी त्या टॉवरवर गर्दी होते. दांड्या असतात पण नेट चालत नाही, त्याला तो नेटवर्क गेलं म्हणत असेल. दांड्या जातात का ते विचारा.

---

सोल्डर_आणि_चहा

मला तसं वाटत नाही. संध्याकाळी माणूस घरी येऊन फोन चार्जिंगला लावतो आणि तासभर व्हिडिओ बघतो. फोन तापतो, एखादं सोल्डर सुटायला आलेलं असेल तर तापल्यावर सोडतं, गार झाल्यावर धरतं. काउंटरवर चार्जिंगला लावून व्हिडिओ चालू ठेवा आणि आकडा बघत राहा.

---

गणेश_देवरुख

दांड्या जातात की नुसतं नेट जातं, हे त्यालाच नक्की सांगता येत नाही. "दोन्ही" म्हणाला. त्याच वाडीतला, त्याच कंपनीचा दुसरा कुणी आहे का ते विचारतो, आणि बाजाराच्या दिवशी त्याला फोन दिवसभर दुकानात ठेवायला सांगितलंय. तापवून बघतो, मग लिहितो इथे.